तिजोरीताईंच्या तीन स्लिपा

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात तीनशे ऐंशी माणसं कामाला आहेत आणि त्या सगळ्यांना एकमेकांबद्दल सगळं ठाऊक आहे. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाचा मेहुणा घरी येऊन चार महिने झाले तरी हलत नाही, कुणी कुणाच्या डब्यातलं न विचारता खाल्लं, सगळं. ठाऊक नसते ती एकच गोष्ट, दुसऱ्याचा पगार. ती फक्त तिजोरीताईंना ठाऊक असते.

हे नाव त्यांना पॅकिंग विभागाने दिलं. चौदा वर्षं त्या पगार विभागात आहेत. पगार विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, एक प्रिंटर आणि आतून कडी लागणारं दार. दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी त्या तीनशे ऐंशी पगारस्लिपा मेलने पाठवतात, त्यात एक स्वतःची. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की बोलणारे गप्प होतात. लोकांना वाटतं, ताई आपल्याकडे बघतात तेव्हा त्यांना कपाळावर आकडा दिसतो. ते काही खोटं नाही. एखादा सुपरवायझर नवी मोटार घेऊन आला की ताई म्हणतात, "छान रंग आहे हो." मनात त्याचा मूळ पगार, भत्ते, कपात आणि मोटारीचा हप्ता यांची वजाबाकी झालेली असते, आणि उत्तर फारसं छान नसतं. पण चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलत नाही. हा चेहरा त्यांनी चौदा वर्षं घासून तयार केला आहे.

स्लिपेच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. "हे पगारपत्रक गोपनीय असून कर्मचाऱ्याने ते अन्य कोणासही दाखवू नये." ही ओळ कुण्या वकिलाने लिहिलेली नाही. आठ वर्षांपूर्वी मोल्डिंगच्या दोन ऑपरेटरांनी हात धुता धुता स्लिपा शेजारी शेजारी धरून पाहिल्या आणि पुढच्या दहा मिनिटांत बेसिन भिंतीपासून सुटं झालं. प्लंबर येईपर्यंत ताईंनी ती ओळ टाइप करून ठेवली होती. मॅनेजरसाहेबांनी सही केली. त्यांनी ती वाचली असावी असं मानायला जागा नाही.

तर अशा बाईंनी नोकरी बदलायचं ठरवलं, आणि त्याचं कारणही आकडाच होता. मागच्या वर्षी त्यांच्या हाताखाली एक नवी असिस्टंट घेतली. सव्वीस वर्षांची, हसरी, कामाला चांगली. तिचा पगार कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम अर्थातच ताईंचं. त्रेचाळीस हजार. ताईंनी तो भरला, दोनदा तपासला आणि मंजुरीचं बटण दाबलं. स्वतः ताईंना मिळत होते एक्केचाळीस. नंतर त्यांनी नवीला प्रिंटर कसा चालतो ते शिकवलं.

जागा एका मोठ्या हॉस्पिटलात होती, पगार विभागाची प्रमुख म्हणून. अकराशे माणसं, तीन इमारती, खोलीला खिडकी. मुलाखती दोन झाल्या, दोन्ही झकास. मधला दुवा म्हणजे एका भरती एजन्सीतली रिक्रूटर, जिचा आवाज सकाळी सातलाही असा असायचा की जणू तिने आत्ताच लॉटरी जिंकली आहे. ताई तिला मनातल्या मनात चिमणी म्हणत. पहिल्याच फोनवर चिमणीने विचारलं होतं, "मॅम, आत्ताचा पगार?" ताई म्हणाल्या, "माझी अपेक्षा पंच्याहत्तर हजारांची आहे." चिमणी म्हणाली, "सुपर! आणि आत्ताचा?" ताई म्हणाल्या, "अपेक्षा लिहून घेतलीत ना?" चिमणीने लिहून घेतली, आणि आत्ताच्या रकान्यात लिहिलं, 'नंतर सांगतील'.

ते 'नंतर' आलं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी आठ वाजता.

"गुड मॉर्निंग मॅम! ऑफर जवळजवळ रेडी आहे. फक्त मागच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा आजच्या आज पाठवा, म्हणजे सोमवारी लेटर काढायला सांगते." पुढे तीन फुलं आणि एक नाचणारी बाहुली.

ताई ऑफिसला निघायच्या घाईत होत्या. त्यांनी मेसेज मोठ्याने वाचला आणि तिथेच खुर्चीवर बसल्या.

"अडचण काय आहे?" नवऱ्याने विचारलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. जगातला प्रत्येक प्रश्न भिंग बदलून सुटतो, अशी त्याची श्रद्धा आहे. गुपित ही गोष्ट त्याला लहानपणापासून जमलेली नाही. गिऱ्हाइकाचा नंबर तो दुकानाच्या या टोकापासून त्या टोकाला ओरडून सांगतो, "उजवा मायनस सहा! अहो, तुम्ही रस्ता कसा ओलांडता?"

"अडचण अशी आहे," ताई म्हणाल्या, "की त्यात एक्केचाळीस लिहिलंय. ते पाहिलं की ते त्यावर वीस टक्के चढवतील आणि म्हणतील, घ्या एकोणपन्नास, केवढी मोठी उडी! जागा पंच्याहत्तरची आहे हो. मी जागेचा पगार मागतेय, ते माझ्या जुन्या पगाराला वाढ द्यायला निघालेत."

"आणि नाही पाठवल्या तर?"

"तर ती म्हणेल, उमेदवार सहकार्य करत नाही, आणि दुसऱ्याला फोन लावेल."

"मग पाठव. एकोणपन्नास म्हणजे आठ हजार जास्त. मागितलेला कागद देऊन टाकावा, डोक्याला ताप नको."

"आकडा बदलून पाठवता येत नाही का गं तुला?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "तूच तर छापतेस त्या."

"चार मिनिटांचं काम आहे, आई."

"मग?"

"मग पाचव्या मिनिटाला मी चोर."

"तसं नको," सासूबाई म्हणाल्या. "आपलं विचारून ठेवलं." सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. नंबर हाताने जोडून द्यायच्या त्या काळात अर्ध्या शहराची भांडणं आणि पाऊण शहराची प्रेमं त्यांच्या कानांवरून गेली. त्यातलं एक अक्षर त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फक्त अधूनमधून पेपरात कुणाचा फोटो आला की त्या "हं" म्हणतात, आणि त्या हंमध्ये कादंबरी असते.

"मी दुपारी विचार करून उत्तर देते," म्हणून ताई निघाल्या. आज स्लिपा पाठवायचा दिवस होता. आजच्या दिवशी त्यांना स्वतःचा विचार करायला सहसा वेळ मिळत नसे.

नवऱ्याकडे मात्र वेळ होता. दुकान दहाला उघडतं.

आता स्लिपांच्या दिवसाबद्दल थोडं सांगायला हवं. ताई अकरा वाजता बटण दाबतात. अकरा वाजून दहा मिनिटांनी मेसेज सुरू होतात. स्लिपेच्या फाइलला कुलूप असतं आणि त्याची किल्ली सगळ्यांना माहीत आहे. चार आकडी कर्मचारी क्रमांक आणि लगेच पुढे जन्मतारीख. चौदा वर्षं तीच किल्ली आहे. तरी दर महिन्याला साठसत्तर माणसांना ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखी वाटते. "ताई, फाइल उघडत नाही." "ताई, पासवर्ड चुकीचा दाखवतंय." "ताई, माझी जन्मतारीख बदलली का?" यावर ताईंनी एक उत्तर फोनमध्ये साठवून ठेवलं आहे. वरून घरंगळत येणाऱ्या मेसेजचे पहिले दोन शब्द वाचायचे, मेसेज न उघडताच अंगठ्याने उत्तर ढकलायचं. नाव बघायची गरज नाही. त्या दिवशी अंगठा एकटाच नोकरीला असतो, ताई पुढच्या महिन्याच्या रजा तपासत असतात.

सव्वाअकरापर्यंत अंगठ्याने एकवीस जणांना वाटेला लावलं. बावीस, तेवीस, चोवीस. चोविसाव्याने उलट विचारलं, "मॅम, तुमचा कर्मचारी क्रमांक किती?"

ताईंनी निःश्वास सोडला. "ए," त्या नवीला म्हणाल्या, "आज एकाला स्वतःचा नंबरही आठवत नाही. मलाच विचारतोय, तुमचा किती."

"त्याचं नाव काय ताई? मी बघून सांगते."

ताईंनी पहिल्यांदाच नाव पाहिलं. मग वरचा मेसेज पाहिला. "मॅम फाइल उघडत नाही, पासवर्ड प्लीज!!" शेजारी एक रडणारी बाहुली. त्याखाली ताईंच्याच अंगठ्याचं तत्पर उत्तर, "पासवर्ड: कर्मचारी क्रमांक (चार आकडे) व पुढे जन्मतारीख. धन्यवाद. पगार विभाग."

चिमणी.

चौदा वर्षं घासलेला चेहरा खर्रकन उतरला. नवी घाबरून उठली. "ताई, पाणी देऊ?"

"नको. तू रजा तपास."

फायर एक्झिटच्या जिन्यात उभं राहून ताईंनी दुकानात फोन लावला. पलीकडे दुकानात कुणीतरी नजर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं.

"अहो, तुम्ही तिला काही पाठवलंत का?"

"पाठवलं की! घरच्या कॉम्प्युटरवर तुझा मेल उघडाच होता. तीन महिन्यांच्या तीन, एकापाठोपाठ. नऊ वाजून चार मिनिटांनी. 'सोबत जोडले आहे, कळावे,' असंही लिहिलं. तू म्हणालीस ना दुपारपर्यंत विचार करते, म्हटलं, तुझा विचार वाचवू."

"उघडून पाहिल्यात?"

"उघडतच नाहीत गं त्या. म्हटलं, त्यांच्याकडे उघडतील. मोठी एजन्सी आहे."

ताईंना रडू यायचं ते हसू आलं, आणि ते थांबेना. जिन्यातून शिपाई वर जात होता, तो मागे फिरून लिफ्टने गेला. तिजोरीताईंना हसताना बघण्याची त्याची पहिलीच वेळ होती. पगार कमी झाले असणार, असं त्याने खाली जाऊन सांगितलं.

हसू ओसरल्यावर परिस्थिती अशी होती. चिमणीकडे तीन स्लिपा होत्या, कुलपासकट. ताईंची जन्मतारीख अर्जात भरलेली होती. किल्ली कशी बनते ते ताईंनी पगार विभागाच्या वतीने स्वतः कळवलं होतं, धन्यवादासह. राहता राहिले चार आकडे. आणि फाइल काही बँकेचं मशीन नव्हे, की तीनदा चुकलं की कार्ड गिळून टाकेल. शून्य शून्य शून्य एकपासून कुणीही निवांत बसून करून बघावं. ताई जुन्या कर्मचारी. त्यांचा क्रमांक होता शून्य शून्य सतरा.

त्यांनी घरी फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकलं. ऐकण्यात त्या तरबेजच.

"म्हणजे ती आत्ता बसून नंबर फिरवत असेल?"

"असेल."

"आणि तुझा सतरा?"

"सतरा."

"फार लवकर येतो गं."

"आई, मी क्रमांक देऊन मोकळी होऊ का? इतकं झालंच आहे. एकोणपन्नास तर एकोणपन्नास."

पलीकडे सासूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. एक्स्चेंजमधल्या माणसाने कान बदलला की समजावं, लाइन दुसरीकडे जोडायची आहे.

"मला एक सांग," सासूबाई म्हणाल्या, "हॉस्पिटलवाले तुला घेतायत कशाला?"

"पगार करायला."

"ते मशीनही करतं. माणूस कशाला हवंय?"



"तोंड बंद ठेवायला. अकराशे माणसांचं तुझ्या पोटात राहील म्हणून. मला एक्स्चेंजमध्ये घेताना साहेबांनी विचारलं होतं, आधीच्या ऑफिसात काय काय चालायचं, सांगा जरा. मी म्हटलं, ते तिथलं आहे, साहेब. त्याच दिवशी घेतलं मला. आता दोन फोन आणि चार बाहुल्यांवर तू तुझीच स्लिप अनोळखी पोरीला दिलीस, तर त्या अकराशेंनी काय समजायचं?"

ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. अशा वेळी डोक्यात प्रकाश पडतो म्हणतात. ताईंच्या डोक्यात मसुदा पडला. त्यांनी फोनवरच तो टाइप केला, दोनदा तपासला, आणि या वेळी अंगठ्याला लांब ठेवून तर्जनीने पाठवला. तो असा होता.

"नमस्कार. आज सकाळी माझ्या मेलवरून तुम्हाला तीन पगारस्लिपा आल्या. त्या मी पाठवलेल्या नाहीत. घरातल्यांनी सदिच्छेपोटी पाठवल्या. त्या कृपया पुसून टाकाव्यात. त्यांचा पासवर्ड मी देणार नाही. थोडा दिला, तो सवयीने.

आमच्या स्लिपेवर ती कोणालाही दाखवू नये अशी सूचना आहे. ती सूचना मीच लिहिली आहे, त्यामुळे मला ती माहीत नव्हती असं म्हणता येत नाही. मी ज्या जागेसाठी आले आहे तिथे अकराशे लोकांच्या स्लिपा माझ्या ताब्यात असतील. त्यातली पहिली, म्हणजे माझी, मी ऑफर येण्याआधीच बाहेर दिली, तर बाकीच्या हजार नव्व्याण्णवांना माझ्यावर विश्वास ठेवायला काही कारण उरत नाही.

माझी अपेक्षा पंच्याहत्तर हजारांची आहे. जागेचं काम, मुलाखती आणि बाजारभाव बघून हॉस्पिटलने ठरवावं. ऑफर लेखी आली आणि मी स्वीकारली की रुजू होताना अनुभवाचं पत्र, नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र आणि करकपातीसाठी लागणारा या वर्षीच्या उत्पन्नाचा दाखला हॉस्पिटलच्या पगार विभागाला देईन. त्यात माझा आकडा दिसेलच. तो मी लपवत नाही आणि वाढवूनही सांगत नाही. फक्त त्यावरून नवा आकडा ठरू नये एवढंच म्हणणं आहे."

दोनच मिनिटांत फोन आला. चिमणीचा आवाज प्रथमच माणसासारखा होता.

"मॅम, तुम्ही मला गोत्यात घातलंत."

"तुम्ही नंबर करून बघत होतात का?"

"शून्य शून्य बारापर्यंत," चिमणी म्हणाली. "मग चहा आला."

ताईंनी डोळे मिटले. चहावाल्याला त्या ओळखत नव्हत्या, पण त्याचं भलं होवो असं त्यांना फार मनापासून वाटलं.

"पुसल्या मी फाइली. खरंच, शपथ. पण मॅम, हॉस्पिटलचा फॉर्म आहे ना, त्यात स्लिपांचा रकाना कंपल्सरी आहे. तो रिकामा ठेवला तर पुढचं बटणच दाबलं जात नाही. मी तरी काय करू?"

इथे ताई आपल्या गावात आल्या. कंपल्सरी रकाना हा त्यांचा चौदा वर्षांचा शेजारी. "तो रकाना काय मागतो?"

"पीडीएफ."

"कसली पीडीएफ, ते तपासतो?"

"नाही... फक्त पीडीएफ आहे का एवढंच."

"मग माझं पत्र पीडीएफ करा आणि तिथे लावा. वर लिहा, 'स्लिपांऐवजी उमेदवाराचं उत्तर'. खोटं काही नाही, बटणही दाबलं जाईल. वाचणारा वाचेल."

पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला. चिमणी हसू दाबत होती. "मॅम, असं आजवर कुणीच केलेलं नाही."

"आणि एक विचारू? तुमच्या एजन्सीची फी उमेदवाराच्या वर्षाच्या पगारावर टक्क्याने असते ना?"

"असते."

"मग माझा पगार कमी व्हावा म्हणून तुम्ही सकाळपासून एवढं का राबताय?"

या वेळी चिमणीने हसू दाबलं नाही. तिच्या ऑफिसातल्या आणखी कुणीतरी "काय झालं गं?" विचारलं, आणि तिला ते सांगता येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "लावते मॅम. नाही म्हणाले तर मात्र मी दुसरं नाव पाठवीन, मला पाठवावंच लागेल."

"पाठवा," ताई म्हणाल्या. ते म्हणताना आवाज स्थिर होता. फोन बंद करायचं बटण मात्र त्यांनी दोनदा दाबलं.

रविवार गेला. सोमवार गेला. सोमवारी लेटर निघणार होतं, ते निघालं नाही. नवऱ्याला पश्चात्ताप झाला होता आणि त्याचा पश्चात्ताप फार बोलका असतो. "मी माती केली," तो दर अर्ध्या तासाने सांगे. सोमवारी संध्याकाळी त्याने प्रायश्चित्त म्हणून ताईंच्या चष्म्याच्या काचा फुकट बदलून दिल्या. त्या तो एरवीही फुकटच बदलत असे.

"तिच्या तोंडाला कुलूप आहे आणि तुझ्या तोंडाला दारच नाही," सासूबाई त्याला म्हणाल्या. "बरं चाललंय तुमचं."

मंगळवारी साडेबारा वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. ताई तळघरातल्या झाकणांच्या खोक्यांच्या गोदामात शिरल्या. सभोवती चार लाख निळी झाकणं होती. हॉस्पिटलचे फायनान्स हेड बोलत होते. त्यांचा आवाज औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखा होता, न हलवता वापरावे.

"तुमचं पत्र वाचलं. स्लिपांच्या रकान्यात सापडलं."

"हो."

"मी तीन उमेदवारांकडून स्लिपा मागवल्या होत्या. एकाने स्वतःच्या पाठवल्या. लगेच."

"बरं."

"दुसऱ्याने चुकून त्यांच्या अख्ख्या ऑफिसच्या पाठवल्या. बावीस जणांच्या. कुलूपही नव्हतं. त्यांच्या माळ्याचा पगार आता मला माहीत आहे. मला तो माहीत असण्याची इच्छा नव्हती. काल जेवताना तोच आठवत होता."

ताईंनी एक झाकण हातात घेतलं आणि दाताखाली धरलं, नाहीतर हसू फोनमध्ये गेलं असतं.

"तुम्ही कुणाचीच पाठवली नाही," ते म्हणाले. "एजन्सी म्हणते तुम्ही असहकार केला. मला तर कामाचा नमुना वाटला. सत्तर चालेल?"

आता खरं तर एक्केचाळीसवाल्या माणसाने सत्तर ऐकून झाकणांवर लोळण घ्यावी. ताईंचे कान तापले. पण त्यांनी चौदा वर्षं पाहिलं होतं. जे पहिल्या आकड्याला हो म्हणतात, त्यांच्या स्लिपा ताईंना बघवत नसत.

"मी पंच्याहत्तर लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"लिहिलंय खरं." कागद उलटल्याचा आवाज. "या जागेसाठी आम्ही अठ्ठ्याहत्तरपर्यंत ठेवलंय, त्यामुळे मला भांडायला फारसं कारण नाही. पंच्याहत्तर. आता ठरलंच आहे, तर उत्सुकता म्हणून विचारतो. सध्या किती मिळतात?"

"रुजू होताना उत्पन्नाचा दाखला देईन, साहेब. त्यात दिसेल."

फायनान्स हेड हसले. स्टेपलर एकदा दाबल्यासारखं, पण हसले.

ताई गोदामातून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत एक निळं झाकण अडकलेलं होतं आणि त्या जिन्याच्या पायऱ्या दोन दोन चढत होत्या. नवी म्हणाली, "ताई, काही चांगलं झालं का?"

"पुढच्या महिन्यापासून," ताई म्हणाल्या, "तुझ्या पगारात मी वाढ सुचवून जाणार आहे. किती ते विचारू नकोस."

ऑफर लेटर त्याच संध्याकाळी साडेसहाला आलं, मेलने. तिघंही घरच्या कॉम्प्युटरपुढे बसले. फाइलला कुलूप होतं. ताईंनी झरझर शून्य शून्य सतरा आणि जन्मतारीख टाइप केली. उघडेना. पुन्हा केली. उघडेना.

"अगं, तो जुन्या नोकरीचा नंबर," नवरा म्हणाला. "इथे तुला अजून नंबर आहे कुठे?"

चौदा वर्षांत पहिल्यांदाच ताईंनी ते शब्द लिहिले, जे त्यांना आजवर हजारो वेळा आले होते. "मॅम, फाइल उघडत नाही." अर्ध्या मिनिटात चिमणीचं उत्तर आलं. तिच्याकडेही ते साठवलेलंच असणार. "पासवर्ड: आडनावाची पहिली चार अक्षरं व जन्मवर्ष. धन्यवाद!" शेवटी नाचणारी बाहुली होतीच.

फाइल उघडायच्या क्षणी सासूबाईंनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"आई, बघा ना."

"मी नाही बघत. एकदा ऐकलं की पोटात ठेवावं लागतं, आता वय झालं. तूच बघ."

ताईंनी पाहिलं. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या ओळीत, अंकात आणि अक्षरात होतं, आणि दोन्ही जुळत होतं. त्यांनी सवयीने ते दोनदा तपासलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पत्र गोपनीय आहे. ओळीची रचना जरा ढिसाळ होती. ती त्या रुजू झाल्यावर सुधारणार होत्या.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून नवऱ्याने वाचलं.

"पंच्याहत्तर!" तो ओरडला. गिऱ्हाइकाचा नंबर सांगावा तसा, या टोकापासून त्या टोकाला. खिडक्या उघड्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी "काय पंच्याहत्तर?" असं विचारलं, आणि नवऱ्याने तेही सांगितलं, वार्षिक धरून. समोरच्या इमारतीतून कुणीतरी अभिनंदन केलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून खदाखदा हसत होत्या. ताईंनी चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला. तो काही होईना.

तिजोरीताईंच्या ताब्यात असताना चौदा वर्षांत फुटलेला हा पहिलाच पगार. त्याची कुठे नोंद करावी, याचा त्या रात्री जेवताना विचार करत होत्या, आणि मध्येच कारण नसताना हसत होत्या.